चार बाय सहाचं बाथरूम आणि साडेतीन वर्षांचा मुलगा: स्टूल, हूक, मॅट, गिझर

तगर
नमस्कार मंडळी. आम्ही मुलुंडला राहतो, जुन्या इमारतीतला वन बीएचके. बाथरूम चार बाय सहा फूट, संडास वेगळा, बेसिन बाहेर पॅसेजमध्ये. मुलगा साडेतीन वर्षांचा आहे आणि हल्ली सगळं "मी करणार" चालू झालंय. दात मी घासणार, तोंड मी धुणार, अंगावर पाणी मी घेणार. करू द्यावं असं मनापासून वाटतं. पण आमचं बाथरूम मोठ्यांच्या मापाचं आहे.

परवा त्याने आंघोळीचं प्लास्टिकचं स्टूल बेसिनपाशी ओढत नेलं, वर चढला आणि गरम पाण्याचा नळ सोडला. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. किंकाळी ऐकून धावले. बोटं लाल झाली होती. थंड पाण्याखाली धरली, फोड आला नाही, पण त्या दिवसापासून गिझरचं बटण दिसलं तरी धस्स होतं.

तर विचारायचं होतं: स्टूल कसं आणि किती उंच घ्यावं? टॉवेल-कपड्यांचे हूक किती खाली लावावेत? मॅट नक्की कुठली घसरत नाही? आणि गिझरचं काय करायचं? आमचा १५ लिटरचा साठवणीचा गिझर आहे, बाथरूम आणि बेसिन दोन्हीकडे लाइन गेलीय. सासूबाईंना कडकडीत पाणी लागतं, हेही लक्षात घ्या.

पार्लेकर_७२
फार चांगला विषय. आमच्या वडिलांसाठी आम्ही गेल्या वर्षी बाथरूममध्ये स्टीलचे दांडे बसवून घेतले. एक कमोडजवळ, एक नळाच्या बाजूला. आता ते धरून उठतात. दांडा भिंतीत पक्का ठोकून घ्या, चिकटवायचे घेऊ नका.

केवडा
पार्लेकर, तगरताई लहान मुलाबद्दल विचारताहेत :) पण दांड्याचा मुद्दा उपयोगी आहे. आमची लेक आजोबांच्या दांड्याला धरूनच मोरीत उतरते.

चारमिनिटंलेट
गिझरचं सोपं आहे. आम्ही फक्त दहा मिनिटं लावतो आणि बंद करून टाकतो. मग मुलाला आंघोळ. पाणी कधी उकळतं होतच नाही. घड्याळ लावा, काम झालं.

जुना_पाना
मी २२ वर्षं गिझर दुरुस्तीत काढली, आता निवृत्त आहे. चारमिनिटंलेट यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यामुळेच पोरं भाजतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घरचे १५ लिटरचे गिझर बहुतेक २ किलोवॅटचे असतात. एवढी कॉइल १५ लिटर पाणी मिनिटाला साधारण २ अंशांनी तापवते. नळाला २६ अंशांचं पाणी येतंय असं धरा. टाकी सबंध गार असेल तर दहा मिनिटांनी पाणी ४५ अंशांच्या आसपास जाईल. गरम आहे, पण हात पटकन मागे घेतला तर भाजणार नाही. इथपर्यंत तुमचा हिशोब जमतो.

आता दुसरा दिवस घ्या. आधी घरातल्या कुणीतरी आंघोळ केली. गिझर पूर्ण तापून ६५ ला बंद झाला होता, त्यांनी निम्मं पाणी वापरलं आणि तेवढंच गार पाणी टाकीत आलं. सगळं मिसळलं तर पाणी ४५ ला आहे. आता तुम्ही घड्याळ लावून "दहा मिनिटं" तापवलंत की ते परत ६५ ला. घड्याळ तेच, बटण तेच, पाण्यात २० अंशांचा फरक. आधीच्या दिवशी जे मूल हसत नळाखाली हात धरत होतं, तेच आज किंचाळतं. आणि आई म्हणते, "रोजच्यासारखंच तर लावलं होतं."

म्हणून भरवसा मिनिटांवर ठेवायचा नाही, थर्मोस्टॅटवर ठेवायचा. पाणी ६० अंशांचं असेल तर मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत खोलवर भाजते. ४९-५० अंशांना तेवढं व्हायला काही मिनिटं लागतात. मुलांची कातडी पातळ, त्यांना दोन्हीकडे वेळ कमीच मिळतो. पण सेकंद आणि मिनिटं यातला फरक म्हणजे तुम्ही कणकेचे हात घेऊन धावत पोचण्याइतका वेळ.

तगर
पानाकाका, अंगावर काटा आला. त्या दिवशी अगदी हेच झालं होतं! नवऱ्याची आंघोळ झाली होती आणि मी पुन्हा बटण लावलं होतं. थर्मोस्टॅट आमच्या गिझरला बाहेर कुठे दिसत नाही. फक्त एक दिवा आहे.

जुना_पाना
काही गिझरना बाहेर गोल बटण असतं, ते सरळ फिरवायचं. तुमच्याकडे ते खालच्या झाकणाच्या आत असणार. झाकण तुम्ही स्वतः उघडू नका. आत वायरी उघड्या असतात. इलेक्ट्रिशियनला बोलवा, मेन स्विच पाडून तो स्क्रूड्रायव्हरने फिरवेल. पाच मिनिटांचं काम. त्याला "कमी कर" एवढंच सांगू नका, "५० वर आण" म्हणा. आणि तो निघायच्या आत पूर्ण तापवून दिवा विझू द्या, मग नळाचं पाणी मगमध्ये घेऊन थर्मामीटरने मोजा. स्वयंपाकघरातला काट्याचा थर्मामीटर चालतो, तापाचा चालत नाही, तो ४२-४३ च्या पुढे जातच नाही. जुन्या थर्मोस्टॅटचे आकडे आणि खरं पाणी यात पाच-सात अंशांचा फरक मी पुष्कळदा पाहिलाय. आकड्यावर विसंबू नका.

सासर_ठाणे
सासूबाईंचं काय मग? आमच्याकडे या एका अंशावरून महाभारत होतं :)

जुना_पाना
सासूबाईंचं पाणी कमी पडणार नाही, पण सवय बदलावी लागेल. मुलाला ३७-३८ अंशांचं पाणी हवं. गिझर ५० ला आणि नळ २६ ला असेल तर बादलीत अर्धं गरम, अर्धं गार. ६० ला होता तेव्हा तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त गरम लागायचं. म्हणजे ५० ला ठेवलं की तेवढ्याच आंघोळीला गिझरचं पाणी जास्त खर्च होतं, कुणाला वाटतं "गिझर कमजोर झाला". सासूबाईंना ४२ चं हवं असेल तर दोन हिस्से गरम, एक हिस्सा गार. मिळतं ते. फक्त त्यांची आंघोळ झाल्यावर पुढच्या माणसाने पाच-सात मिनिटं थांबायचं.

नीलगिरी_तेल
मी एक विरोधी मुद्दा मांडते. मी नर्स आहे. टाकीतलं पाणी कोमट राहिलं की त्यात जंतू वाढतात, म्हणून रुग्णालयांमध्ये साठवणीचं पाणी ६० अंशांवर ठेवून नळापाशी गार मिसळण्याची पद्धत आहे. थर्मोस्टॅटिक मिक्सर नावाची तोटी मिळते, ती एका ठराविक अंशाच्या वर पाणी जाऊच देत नाही. घरात लहान मूल आणि वयस्कर माणूस दोन्ही असेल तर मला तो मार्ग बरा वाटतो.

जुना_पाना
ताई, तुमचा मुद्दा खरा आहे. तोटी बसवता आली तर उत्तमच. पण आपल्या इमारतींत गार पाणी गच्चीच्या टाकीतून येतं, दाब मजल्यागणिक वेगळा. वरच्या मजल्यावर या तोट्या नीट चालत नाहीत असा माझा अनुभव. मी घरी गिझर ५० ला ठेवतो आणि रोज पूर्ण वापरून रिकामा होतो. गावाला जाऊन आलो तर पहिलं पाणी तापवून सोडून देतो.

नीलगिरी_तेल
रोज रिकामा होत असेल तर धोका कमी, हे मान्य. पण सासूबाई वयस्कर असतील तर मी तरी ५० ला हो म्हणणार नाही. यावर आपलं एकमत होईलसं वाटत नाही.

कांदिवली_ब्लॉक
आमच्याकडे ३ लिटरचा इन्स्टंट आहे. त्याला थर्मोस्टॅटचं बटणच नाही. मग?

जुना_पाना
त्यात कॉइल ३ किलोवॅटची आणि पाणी थोडं. तिथे पाणी किती गरम येणार हे नळ किती सोडलाय त्यावर ठरतं. मिनिटाला २ लिटर सोडलंत तर साधारण २१ अंश वाढतात, म्हणजे ४७ च्या आसपास. तोच नळ अर्धा केलात तर वाढ दुप्पट, आणि मग आतला थर्मोस्टॅट तोडेपर्यंत पाणी चढत राहतं. लहान मूल नळ बारीक करतं, कारण त्याला धार भीतीदायक वाटते. आणि बारीक केल्यावर पाणी जास्त पोळतं! इन्स्टंट असेल तर मुलाने वाहत्या नळाखाली बसायचंच नाही. बादली भरायची, गिझर बंद करायचा, मग मूल आत.

गिरगाव_गॅलरी
आमची जुनी चाळ. बाथरूम नाहीच, स्वयंपाकघरात मोरी. पहाटे पाणी येतं तेव्हा पिंप भरून ठेवतो. पाणी तापवायला बादलीत हीटर रॉड. मी आजवर यात काही वावगं मानलं नव्हतं. मागच्या थंडीत धाकटीने (वय अडीच) रॉड लावलेल्या बादलीत बाहुली बुडवायला हात पुढे केला. मी दोन हात अंतरावर होते म्हणून मनगट पकडता आलं. आता रॉड बंदच. गॅसवर पातेलं ठेवते, मोरीत आधी गार पाण्याची बादली मांडते आणि पातेलं त्यात ओतते. त्या वेळी लेक पलंगावर, मोठ्या बहिणीच्या ताब्यात.

नीलगिरी_तेल
गिरगावताई, रॉड बंद केलात ते फारच बरं. रॉडमध्ये भाजणं आणि शॉक असे दोन धोके एकाच बादलीत असतात. आणि गार आधी, गरम नंतर, हा क्रम कधीही उलटा करू नका. आधी गरम ओतून गार आणायला वळलो की तेवढ्यात मूल आत हात घालतं.

आणखी एक सांगते, पिंपाला घट्ट झाकण आणि त्यावर वजन ठेवा. आंघोळीनंतर बादलीत पाणी शिल्लक ठेवू नका, उलटी करून ठेवा. चालायला लागलेलं मूल डोक्याने जड असतं, वाकून आत पडलं तर त्याला बाहेर येता येत नाही. त्याला वीतभर पाणीही पुरतं आणि आवाजही होत नाही.

गिरगाव_गॅलरी
पिंपाला झाकण आहे, वजन नव्हतं. आत्ताच पाटा ठेवला.

आंबाडी
मी लिहू का नको विचार करत होते. माझ्या मुलाला दोन वर्षांचा असताना पाठीवर भाजलं होतं. मी मगाने पाणी घातलं. माझ्या बोटाने वर-वर पाहिलं होतं, बरं वाटलं होतं, आणि मग खालून घेतलेल्या मगात गरमच होतं. बादली ढवळलेली नव्हती. शेजारच्या काकूंनी पाठीवर टूथपेस्ट लावली, मीही लावू दिली. दवाखान्यात ती काढताना तो जे रडला ते मला अजून ऐकू येतं. डॉक्टरांनी सांगितलं, पहिल्या मिनिटापासून वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी घालायचं, बर्फ नाही, तूप नाही, पेस्ट नाही. ओले गरम कपडे, करदोटा, कडी लगेच काढायची.

आता मी हात कोपरापर्यंत बादलीत घालून तळापासून ढवळते, आणि कोपराच्या आतल्या बाजूने पाहते. आपल्या तळहाताला भांड्यांची सवय असते, त्याला पोळत नाही.

तगर
आंबाडीताई, लिहिलंत म्हणून आभार. मी आजपर्यंत बोटानेच बघत होते.

चारमिनिटंलेट
पानाकाका, तुमचा हिशोब बायकोला दाखवला. आमच्याकडे सकाळी चार आंघोळी एकामागून एक होतात आणि मुलगी शेवटची. म्हणजे सगळ्यात गरम पाणी तिच्या वाट्याला. माझं चुकलं. उद्या इलेक्ट्रिशियन येतोय.

बालवाडी_बाई
स्टूलवर कुणी बोललंच नाही, म्हणून मी. वर्गात वीस मुलं बेसिनशी उभी करते रोज. माप असं काढा: मुलाला भिंतीशी उभं करा, हात कोपरात दुमडायला लावा, जमिनीपासून कोपर मोजा. मग बेसिनची कड मोजा. जो फरक येईल तेवढं स्टूल. कोपर कडेच्या पातळीवर आलं की मूल न लटकता हात धुतं. कमी पडलं की पोटावर लटकून पुढे झुकतं, आणि झुकलं की पाय स्टूलला मागे ढकलतात.

तगर
मोजलं. उंची ९६ सेंमी, कोपर ५६, बेसिनची कड ८१. म्हणजे २५ सेंमी?

बालवाडी_बाई
हो, पण २५ ची एकच पायरी त्याला मोठी आहे. आपल्या जिन्याची पायरी १५-१७ ची असते, ती चढतानाही तो कठडा धरतो ना? दोन पायऱ्यांचं घ्या, १२ आणि २५ अशी. सुतार करून देतो. वरची फळी एवढी रुंद हवी की दोन्ही पावलं शेजारी ठेवून बाजूला एक पाऊल उरेल.

आंघोळीचं प्लास्टिकचं स्टूल बेसिनला नकोच. ते बसायला केलेलं आहे. वर निमुळतं, पाय गुळगुळीत. कुठलंही स्टूल घ्या, आधी ओल्या लादीवर ठेवून दोन गोष्टी करून बघा. एका हाताच्या तळव्याने वरच्या फळीच्या अगदी कडेला सगळं वजन टाका, दुसरा पाय उचलला जातो का पाहा. मग मागून पुढे आणि पुढून मागे ढकला, सरकतं का पाहा. सरकलं तर पायांखाली रबराच्या टोप्या घाला, खुर्चीच्या मिळतात त्याच.

सासर_ठाणे
पाट नाही चालणार का दोन, एकावर एक?

बालवाडी_बाई
नाही हो. ओल्यात एकावरचा एक सरकतो. एक पाट जमिनीवर, मोरीत उभं राहायला, तो चालेल.

केवडा
मॅटवर माझा अनुभव. पहिली घेतली ती खाली चोषकांची, छान चिकटते असं दुकानदार म्हणाला. आमच्या टाईल्स खरखरीत, अँटीस्किड. चोषकांना गुळगुळीत पृष्ठभाग लागतो, खरखरीत टाईलवर हवा आत शिरते आणि ती मॅट अख्खी सरकते. म्हणजे लादी बरी होती, मॅटने घसरगुंडी केली! आता आमच्याकडे जाड, भोकं असलेली रबरी मॅट आहे, वजनाने बसते. तिचा एक कोपरा जाळीवर येऊ देऊ नका, पाणी तुंबतं आणि मॅट तरंगते.

गिरगाव_गॅलरी
आणि दिवाळीला तेल-उटण्याची आंघोळ झाली की मॅट साबणाच्या पावडरीने घासून काढा. तेल मॅटच्या भोकांत बसतं, दुसऱ्या दिवशी पाय टेकवला की गेलं.

केवडा
अगदी. रोज उचलून नळावर उभी टांगते. पावसाळ्यात दोन दिवस खाली राहिली की बुडाला काळं येतं आणि ते काळंच मग निसरडं होतं. हात फिरवून बुळबुळीत लागलं की घासायची वेळ झाली.

पार्लेकर_७२
हुकांचं मीही सांगतो, आता मुलांचंच :) आमच्या नातीसाठी मी हौसेने खाली हूक लावला, बरोबर तिच्या डोळ्यांच्या उंचीला. टॉवेल काढला की उघडं टोक समोर. सुनेने त्याच दिवशी काढायला लावला.

बालवाडी_बाई
सुनेचं बरोबर. तगर, तुमच्या मुलाचे डोळे साधारण ८५ सेंमीवर असतील. हूक एकतर ७० ला, नाहीतर १०५ ला. ७० ला लावलात तर टॉवेल ओल्या जमिनीला टेकेल, तिथे छोटा नॅपकिनच टांगा. १०५ पर्यंत त्याचा हात आरामात जातो आणि डोकं खाली राहतं. पण दोन-तीन वर्षांत डोळे तिथे येतील, तेव्हा वर सरकवा. टोकदार लोखंडी नको, लाकडी गोल खुंटी घ्या. टॉवेलला कडेला मधोमध नाडीचा फास शिवा. फास नसला की मूल टॉवेल टांगत नाही, फेकतं.

कांदिवली_ब्लॉक
आतल्या कडीचं पण बघा. आमचा चार वर्षांचा आत जाऊन कडी लावून बसला, उघडता येईना. शेवटी दरवाजाच्या वरच्या झरोक्यातून काठीने कडी पाडली. आता खालची कडी काढून वर लावलीय.

तगर
दहा दिवसांनी लिहितेय. इलेक्ट्रिशियन येऊन गेला. आमचा थर्मोस्टॅट ७० वर होता! ५० वर आणला, पण थर्मामीटरने मगमधलं पाणी ५६ भरलं. पानाकाकांनी सांगितलं नसतं तर मी ५० समजून चालले असते. आणखी खाली घेतला, आता ५०-५१ येतं.

बेसिनच्या गरम लाइनचा अँगल कॉक तूर्त बंद केलाय. तोंड धुवायला मुंबईत गरम पाणी हवंच कशाला, असं नवरा म्हणाला, ते पटलं. (काका, गिझरच्या स्वतःच्या नळीला हात लावला नाही, फक्त बेसिनखालचा.)

स्टूल सुताराकडून करून आणलं. मुलगा चढून स्वतः दात घासतो आणि "आई, तू बाहेर जा" म्हणतो. मी पॅसेजच्या कोपऱ्यात उभी राहते, त्याला दिसत नाही. खुंटी १०५ ला. मॅट अजून घ्यायचीय, आमच्या टाईल्स गुळगुळीत आहेत की खरखरीत यावर घरात दोन मतं आहेत.

सासूबाई पहिले तीन दिवस "पाणी मेलं" म्हणाल्या. चौथ्या दिवशी त्यांनी गारचा नळ जरा कमी सोडला. पण नीलगिरीताईंचा मुद्दा डोक्यातून जात नाहीये. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. आम्ही सातव्या मजल्यावर, वर अजून चार मजले आणि मग टाकी. थर्मोस्टॅटिक तोटी चालेल का?

जुना_पाना
अँगल कॉक बरोबर बंद केलात. गिझरच्या गार नळीवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र कधी बंद करू नका. तोटीचं असं: वर चार मजले म्हणजे दाब बरा असायला हरकत नाही. बाथरूमचा गार नळ पूर्ण सोडून १० लिटरची बादली किती वेळात भरते ते मोजा, मग तसाच गरम नळ मोजा. दोन्हीत फार फरक असेल तर आधी तो सोडवावा लागेल. आकडे इथे टाका.

तगर
उद्या सकाळी सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर मोजते.